जिन्याखालचे क्षेत्रफळ: महत्तम पूर्णांक फलनाचे समाकलन

अडीच वर्षांच्या मुलाचे वय फॉर्मवर पूर्ण वर्षांत लिहायचे झाले, तर आपण 2 लिहितो, आणि तिसऱ्या वाढदिवसाच्या आदल्या रात्रीही तो आकडा 2 च राहतो. महत्तम पूर्णांक फलन हेच करते: x पेक्षा मोठा नसलेला सर्वांत मोठा पूर्णांक म्हणजे [x]. चौकटी कंसाची ही खूण गाउसने 1808 मध्ये वापरली. तळाशी आडवी रेघ असलेले ⌊x⌋ हे चिन्ह केनेथ आयव्हरसनने 1962 मध्ये आणले.

या फलनाचा आलेख जिन्यासारखा दिसतो. प्रत्येक पायरी 1 एकक रुंद असते आणि पुढच्या पूर्णांकावर पोहोचताच आलेख एकदम वर उडी घेतो. पायरीवर असेपर्यंत किंमत स्थिर असल्यामुळे अनेकांना वाटते की [x] ही एक स्थिर संख्याच आहे, तेव्हा तिचे समाकलन x[x] होईल. 0 ते 2.5 या अंतरालावर हे करून पाहिले, तर 2.5 × 2 = 5 असे उत्तर येते. प्रत्यक्षात मात्र पहिल्या पायरीखाली काहीच नाही, दुसरीखाली 1 आहे आणि तिसरीच्या अर्ध्या भागाखाली 2 × 0.5 = 1 आहे, म्हणजे एकूण 2. चूक अशी की शेवटच्या पायरीची उंची आपण नकळत संपूर्ण अंतरालाला लावून बसलो.

म्हणून अंतराल आधी पायरीपायरीने तोडायचे आणि मगच प्रत्येक तुकड्यावर फलन स्थिर मानायचे. -1.5 ते 2.5 हे अंतराल घेऊ. त्याचे तुकडे -1, 0, 1 आणि 2 येथे पडतात, त्यांपैकी पहिला आणि शेवटचा अर्ध्या एककाचा आहे. सगळ्यात जास्त चुका पहिल्याच तुकड्यात होतात. -1.5 पेक्षा मोठा नसलेला पूर्णांक -2 आहे, -1 नव्हे. केवळ दशांश भाग पुसून टाकण्याची सवय ऋण बाजूला दगा देते. (पायथनमध्येही `int(-1.5)` लिहिल्यास -1 मिळते आणि `math.floor(-1.5)` लिहिल्यास -2.) आता बेरीज मांडू:

(-2)(0.5) + (-1)(1) + (0)(1) + (1)(1) + (2)(0.5) = -1 - 1 + 0 + 1 + 1 = 0

तुकड्यांच्या टोकांना कोणती किंमत धरायची, असा प्रश्न येथे पडू शकतो. कोणतीही धरली तरी फरक पडत नाही, कारण एका बिंदूला रुंदीच नसते आणि त्याच्यावर उभ्या केलेल्या रेघेचे क्षेत्रफळ शून्य असते.

शून्य हे उत्तर थोडे संशयास्पद वाटते, कारण अंतराल उजवीकडे झुकलेले आहे. ते पडताळण्याची एक सोय आहे. x मधून [x] वजा केल्यावर उरणारा अपूर्णांक 0 पासून 1 पर्यंत चढतो आणि पुन्हा खाली पडतो. करवतीच्या दात्यांसारख्या या आलेखात 1 लांबीच्या कोणत्याही भागाखाली बरोबर अर्धे एकक क्षेत्रफळ असते. आपल्या अंतरालाची लांबी 4 आहे, म्हणजे ही तफावत 2. साध्या x चे त्याच अंतरालावरील समाकलन (6.25 - 2.25) ÷ 2 = 2 येते. दोनातून दोन गेले, शून्य उरले. उत्तर बरोबर आहे. लांबी पूर्णांकी नसेल, तर मात्र उरलेल्या तुकड्याचा हिशेब वेगळा करावा लागतो.

कंसात x ऐवजी x² आला की मात्र पूर्णांकांवर तोडण्याची ही सवयच आडवी येते. [x²] चे 0 ते 2 समाकलन करताना पुष्कळ जण फक्त 1 येथे तोडतात, 1 च्या पुढे किंमत 1 धरतात आणि 1 हे उत्तर लिहितात. परंतु किंमत बदलते ती x पूर्णांक झाल्यावर नव्हे, तर कंसाच्या आतली राशी पूर्णांक झाल्यावर, म्हणजे 1, √2 आणि √3 येथे. त्यामुळे पायऱ्या उत्तरोत्तर अरुंद होत जातात, आणि बेरीज अशी होते:

0·1 + 1(√2 - 1) + 2(√3 - √2) + 3(2 - √3) = 5 - √2 - √3

ही किंमत सुमारे 1.85 आहे. तोच आकार उभ्या पट्ट्यांऐवजी आडव्या थरांनीही मोजता येतो. जमिनीपासून पहिला थर 1 पासून 2 पर्यंत पसरलेला आहे, त्यावरचा √2 पासून 2 पर्यंत आणि सर्वांत वरचा √3 पासून 2 पर्यंत. प्रत्येक थराची जाडी 1 असल्यामुळे केवळ लांब्या मिळवायच्या: (2 - 1) + (2 - √2) + (2 - √3), म्हणजे पुन्हा 5 - √2 - √3. पायऱ्या अरुंद आणि पुष्कळ असतील, तेव्हा मला ही दुसरी वाट अधिक सोपी वाटते, कारण तीत गुणाकार करावाच लागत नाही.