एसआरटीतला स्वल्पविराम आणि सहा सेकंद

डीव्हीडीवरची सबटायटल्स म्हणजे मजकूर नसतो, ती छोटी छोटी चित्रं असतात. 2000 सालाच्या आसपास 'सबरिप' नावाचा विंडोजवरचा प्रोग्रॅम ती चित्रं ओळखून अक्षरांत उतरवायचा. अनोळखी आकार दिसला की थांबून 'हे कोणतं अक्षर?' असं विचारायचा. त्यातून बाहेर पडणारी साधी टेक्स्ट फाइल म्हणजेच एसआरटी. प्रोग्रॅम फ्रान्समधला, म्हणून सेकंद आणि मिलिसेकंद यांच्यामध्ये तिथल्या दशांशचिन्हाचा स्वल्पविराम. पुढे ब्राउझरसाठी आलेल्या वेबव्हीटीटी या सबटायटल-फाइलीच्या प्रकाराने तिथे टिंब घेतलं, आणि एकातली वेळ दुसऱ्यात चिकटवली की ओळी गायब होतात, त्या बहुधा याच कारणाने.

दुसऱ्याने आधीच बसवलेल्या वेळा उतरवून घेण्यापुरती ही फाइल होती. वाचकाला किती वेळ द्यायचा, याबद्दल ती काहीच सांगत नाही. ती शिस्त टीव्हीतून आली. ब्रिटनमध्ये टीव्हीच्या पडद्यावर मजकूर दाखवणाऱ्या टेलिटेक्स्टच्या ओळीत 40 खाने, त्यातले काही रंगाच्या खुणांमध्ये खर्ची पडायचे, म्हणून मजकुराला साधारण 37 उरायचे. युरोपातल्या सबटायटलकारांचा जुना हिशेब असा, की भरलेल्या दोन ओळींना सहा सेकंद, म्हणजे सेकंदाला साधारण 12 अक्षरं. नेटफ्लिक्सच्या नियमांत इंग्रजीसाठी ओळ 42 अक्षरांची, आणि कॅप्शन सेकंदाच्या पाच-षष्ठांशापेक्षा कमी नाही, सात सेकंदांपेक्षा जास्त नाही.

आता एका आजींच्या बोलण्याच्या शब्दांकनातलं एक वाक्य घेऊ: 'आमच्या गावात नळ आला तो एकाहत्तर साली, त्याआधी आम्ही विहिरीवरून पाणी आणायचो.' आजी हे 12.4 ते 18 सेकंदांत म्हणतात. एका दमात दाखवलं तर डोळ्यांवर ओझं पडतं. म्हणून जिथे त्या श्वास घेतात, तिथे तोडायचं:

```
1
00:00:12,400 --> 00:00:15,100
आमच्या गावात नळ आला तो एकाहत्तर साली,

2
00:00:15,200 --> 00:00:18,000
त्याआधी आम्ही विहिरीवरून
पाणी आणायचो.
```

मधली 100 मिलिसेकंदांची फट मुद्दाम ठेवली आहे. ती नसेल तर मजकूर बदलल्याचं डोळ्याला कळत नाही. ओळ तोडतानाही 'पाणी' एकीकडे आणि 'आणायचो' दुसरीकडे असं करू नये.

मराठीत घोळ होतो तो मोजणीत. पहिल्या कॅप्शनमध्ये संगणक 37 चिन्हं मोजतो, कारण प्रत्येक काना, वेलांटी आणि जोडाक्षरातला हलन्त त्याला वेगळा दिसतो. डोळ्याला मात्र स्पेस धरून 25च खाने दिसतात. 2.7 सेकंदांत 37 म्हणजे सेकंदाला जवळजवळ 14, आणि एखादं तपासणी साधन 12च्या हिशेबाने लाल खूण करील. अशा वेळी मी आकड्यावर जात नाही. आवाज बंद करून एकदा वाचून बघतो, दुसरी ओळ पुरी होण्याआधी मजकूर गेला तरच शब्द कमी करतो.

फाइल यूटीएफ-8 मध्ये साठवायची, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. आणि कॅप्शनच्या मधोमध रिकामी ओळ पडू द्यायची नाही. रिकामी ओळ म्हणजे कॅप्शन संपलं, असं बरेच प्लेअर धरतात, आणि खालची ओळ पडद्यावर येतच नाही.