प्रवाह प्रक्रिया आणि गठ्ठा प्रक्रिया

संगणकावर विदा हाताळण्याच्या दोन पद्धती. गठ्ठा प्रक्रियेत, म्हणजे बॅच प्रोसेसिंगमध्ये, आधी नोंदी साठवतात आणि मग साऱ्या संचावर एकदाच गणन करतात. प्रवाह प्रक्रियेत, म्हणजे स्ट्रीम प्रोसेसिंगमध्ये, नोंद येईल तसतसे गणन पुढे सरकते. दोहोंतील फरक बहुधा वेगाचा समजला जातो, पण तो मूळ फरक नव्हे. गठ्ठ्याला शेवट असतो, म्हणून ‘एकूण किती?’ याचे उत्तर देता येते. प्रवाहाला शेवट नसल्याने तो प्रश्न काळाचा एखादा तुकडा ठरवूनच विचारावा लागतो. या तुकड्याला खिडकी किंवा विंडो म्हणतात.

प्रवाह पद्धतीचा उगम नेमका कोठे धरावा याबद्दल एकमत नाही. काही जण तो झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रातील टेपेस्ट्री या १९९२ च्या प्रणालीपर्यंत मागे नेतात. तीत प्रश्न एकदा नोंदवला की नवी भर पडेल तसे त्याचे उत्तर वाढत जाई. मात्र त्या विदासंचात फक्त भरच पडत असे आणि उशिरा पोहोचणाऱ्या नोंदींचा प्रश्न तेथे मध्यवर्ती नव्हता. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत स्टॅनफर्डची स्ट्रीम, बर्कलीची टेलिग्राफसीक्यू आणि ब्रँडाइस, ब्राउन व एमआयटी यांची ऑरोरा या प्रणालींनी खिडकीला प्रश्नभाषेत स्थान दिले. आजच्या अर्थाने उगम येथून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. घटनाकाळ, म्हणजे घटना प्रत्यक्ष घडली ती वेळ, आणि वॉटरमार्क, म्हणजे खिडकी केव्हा मिटवावी हे सांगणारी खूण, यांची सध्याची मांडणी मुख्यतः गूगलच्या मिलव्हील (२०१३) आणि डेटाफ्लो (२०१५) या शोधनिबंधांतून रुळली. ‘या क्षणापूर्वीचे आता काही येणार नाही’ अशी खूण प्रवाहातच घालण्याची कल्पना त्याआधीची आहे.

खिडक्या सामान्यतः तीन प्रकारच्या असतात: एकमेकींना न छेदणाऱ्या स्थिर, एकमेकींवर चढणाऱ्या सरकत्या, आणि ठरावीक काळ शांतता पसरली की संपणाऱ्या सत्र-खिडक्या. खरी अडचण प्रकाराची नसून खिडकी केव्हा मिटवावी ही आहे. घटना घडली तो घटनाकाळ आणि ती यंत्रणेत पोहोचली तो प्रक्रियाकाळ यांत अंतर पडते, शिवाय घटना घडल्या त्याच क्रमाने पोहोचतील असेही नाही.

समजा, संवेदकांची वाचने पाच-पाच मिनिटांच्या स्थिर खिडक्यांत मोजायची आहेत. १०:०१:२० चे वाचन दोन सेकंदांत पोहोचले. १०:०४:१० चे वाचन जाळे तुटल्यामुळे १०:०५:४० ला आले. प्रक्रियाकाळ धरला तर ते पुढच्या खिडकीत जाईल आणि दोन्ही बेरजा चुकतील. घटनाकाळ धरला तर पहिली खिडकी उघडी ठेवावी लागते. किती वेळ, हे वॉटरमार्क सांगतो. आतापर्यंत दिसलेल्या सर्वांत पुढच्या घटनाकाळातून ठरवलेली सवलत वजा करणे ही त्याची नेहमीची रीत. सवलत एक मिनिटाची असेल आणि तोवर सर्वांत पुढचे वाचन १०:०५:३५ चे असेल, तर वॉटरमार्क १०:०४:३५ वर असतो, खिडकी उघडी असते आणि उशिराचे वाचन मोजले जाते. १०:०६:०० चे वाचन येताच वॉटरमार्क १०:०५:०० ला टेकतो, खिडकी मिटते आणि ‘दोन’ हे उत्तर बाहेर पडते.

त्यानंतर १०:०४:५० चे वाचन आले तर? ते टाकून देता येते, वेगळ्या वाटेने बाजूला काढता येते, किंवा ‘तीन’ असे सुधारित उत्तर पुन्हा देता येते. शेवटच्या पर्यायात एक सापळा आहे. पुढची यंत्रणा आलेल्या उत्तरांची बेरीज करत असेल तर ती दोन आणि तीन मिळून पाच धरते. सुधारित उत्तराने आधीचे पुसले पाहिजे, नाही तर फक्त वाढीव एक पाठवला पाहिजे.

वॉटरमार्क हा अंदाज आहे, हमी नव्हे. सवलत वाढवली की चुकणाऱ्या नोंदी घटतात, पण उत्तर तितके लांबते आणि उघड्या खिडक्यांची स्मृती वाढते. बिघाडही येथेच होतात. अनेक वाटांनी नोंदी येत असतील तर सर्वांत मागचा वॉटरमार्क धरला जातो, त्यामुळे एक वाट मुकी झाली की साऱ्या खिडक्या अडकतात. नोंदी आत येताहेत, त्रुटीचा संदेश नाही, तरी उत्तरे थांबली, हे त्याचे लक्षण. मुक्या वाटेला निष्क्रिय मानून वगळणे हा त्यावरचा उपाय. उलट एखाद्या संवेदकाचे घड्याळ तासभर पुढे असेल, तर त्याच्या एकाच नोंदीने त्या वाटेवरचा वॉटरमार्क उडी घेतो आणि तेथील इतरांच्या वेळेवर आलेल्या नोंदीही ‘उशिरा’ ठरतात. उशिरा ठरलेल्या नोंदींची संख्या अचानक वाढली, तर प्रथम घड्याळे तपासावीत.

गठ्ठा प्रक्रियेलाही हा प्रश्न चुकत नाही. रोज मध्यरात्री कापलेला गठ्ठा ही एक दिवसाची स्थिर खिडकीच असते. ११:५९ ची नोंद १२:०५ ला पोहोचली की ती दुसऱ्या दिवसात मोजली जाते. फरक इतकाच की गठ्ठा साठवलेला असल्याने तो पुन्हा चालवून दुरुस्त करता येतो. याच भरवशावर नेथन मार्झ यांनी लॅम्डा रचना मांडली: झटपट पण कच्चे उत्तर प्रवाहातून, पक्के गठ्ठ्यातून. एकच तर्क दोनदा लिहावा लागतो, हा तिचा दोष. जे क्रेप्स यांनी २०१४ मध्ये त्यावर टीका करून, नोंदींची वही जपून ठेवावी आणि गरज पडल्यास तोच प्रवाह सुरुवातीपासून पुन्हा चालवावा, असे सुचवले. वही किती मागपर्यंत जपली आहे, ही मात्र या मार्गाची मर्यादा ठरते.