धास्ती आणि धसका: पात्राची भीती चढत नेताना

भीतीच्या कथेत सर्वात जास्त गल्लत होते ती या दोन शब्दांची. दोन्ही 'ध'ने सुरू होतात, दोन्ही काळजाशी जोडलेले आहेत आणि दोन्ही 'घेता' येतात. म्हणून लिहिणारा जो हाताशी येईल तो वापरतो. पण धास्ती पुढे बघते आणि धसका मागे. जे अजून घडलेलं नाही, पण घडेल असं वाटतं, त्याची धास्ती असते. जे घडून गेलं, निदान कानावर तरी जोरात आदळलं, त्याचा धसका बसतो.

क्रियापदं लावून पाहिली की हे लगेच कळतं. धास्ती वाटते, लागते, वाढते, कमी होते, माणूस धास्तावतो. 'धसका वाटला' असं कोणी म्हणत नाही. धसका बसतो, एकदाच, आणि मग तो आत राहतो. धास्तीनं रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही, धसक्यानं माणूस अंथरूण धरतो. 'परीक्षेचा धसका घेतलाय' असं आपण परीक्षेआधीही म्हणतो, हे खरं. पण तिथेही मागे काहीतरी असतं: गेल्या वेळी विषय राहिलेला असतो किंवा थोरल्या भावाचं वर्ष गेलेलं असतं. बातम्यांच्या मथळ्यात दोन्ही शब्द सरमिसळ येतात आणि तिथे ते खपून जातं. कथेत खपत नाही, कारण 'धसका' म्हटलं की वाचक आधीची घटना शोधू लागतो.

आता हे चोपडा तालुक्यातल्या एका शेतावर आणू. पात्राचं नाव सुपडू. सातपुड्याच्या पायथ्याला त्याची केळीची बाग आहे, तीही पिलबाग, म्हणजे पहिला घड कापून झाल्यावर बाजूच्या पिलांवर धरलेली. नवतीपेक्षा, म्हणजे नव्या लागवडीपेक्षा, पिलबाग दाट होते. पानं एकमेकांत शिरतात, वाळलेली पानं खोडाला लोंबत राहतात आणि वारा नसतानाही काहीतरी खसखसतं. थ्री फेज लाइट रात्री येते, त्यामुळे ठिबकचे व्हॉल्व्ह फिरवायला त्याला रात्रीच जावं लागतं. गावात बिबट्याची चर्चा आहे. सुपडूनं तो पाहिलेला नाही.

नवा लेखक इथे बहुधा असं लिहितो: 'बागेत पाय ठेवताच सुपडूचा थरकाप उडाला. बिबट्याचा त्यानं धसका घेतला होता.' दोन वाक्यांत सगळा दारूगोळा संपला. अजून पानही हललेलं नाही आणि थरकाप उडालाय, मग खरा बिबट्या समोर येईल तेव्हा काय उडवणार? शिवाय धसका कशाचा, तेही कळत नाही.

सुपडूला आहे ती धास्ती. आणि धास्तावलेला माणूस काय करतो, हे लक्षात घेतलं तर तो शब्द लिहायचीही गरज उरत नाही. तो कामाला जातो, पण तयारीनं. बॅटरी चार्ज असूनही निघताना दोनदा लावून बघतो. मोबाइलवर गाणं मोठ्यानं लावतो. बांधावर कडेनं न जाता मधोमध चालतो आणि उगाच खाकरतो. एरवी बागेत शिरून पलीकडचा व्हॉल्व्ह गाठणारा सुपडू आज लांबच्या गाडरस्त्यानं वळसा घालतो. बायको विचारते, "काय व्हयनं?" तर म्हणतो, "काही नही." धास्ती बोलायला लाजते, म्हणून इथे संवाद जितका तोकडा तितका बरा.

धास्तीच्याही आधी एक पायरी असते, अस्वस्थतेची. तिला कारणच सापडत नाही. रोज भुंकणारं कुत्रं आज गप्प आहे, एवढंच. ही पायरी एका वाक्यात आटपावी. लांबवली की वाचक कंटाळतो.

मग येतं 'धस्स'. हे क्षणाचं आहे. काळजात धस्स होतं आणि संपतं. सुपडू व्हॉल्व्हवर वाकलाय, हात ओले आहेत आणि बॅटरी काखेत आहे. गाणं संपतं. दुसरं सुरू व्हायच्या आधीच्या शांततेत डावीकडे वाळलं पान मोडतं. एकदा. वाऱ्यानं पान खसखसतं, मोडत नाही. पान मोडायला वजन लागतं. सुपडू शेतकरी आहे, त्याला हा फरक कानानंच कळतो. वाचकाला तो आधी दिला असेल, खसखस दोन-तीनदा येऊन गेली असेल, तरच हे मोडणं काम करतं. इथे विशेषण नको. 'धस्स झालं' एवढे दोन शब्द पुष्कळ.

यानंतर गाळण. आता विचार चालत नाही, शरीर चालतं. घशाला कोरड पडते, हातपाय गळतात, बॅटरी खाली पडून उजेड भलतीकडे जातो. वाक्यं तोडावीत. आणि मला वाटतं सर्वात जपायचं ते इथे. मराठीत या टप्प्याचे पुष्कळ वाक्प्रचार हसरे आहेत. घाबरगुंडी उडाली, भंबेरी उडाली, पाचावर धारण बसली, यात सांगणारा घाबरणाऱ्याकडे थोडा लांबून, गंमतीनं बघतो. सुपडूची भीती वाचकानं मनावर घ्यावी असं वाटत असेल तर हे तिन्ही बाजूला ठेवावेत. 'थरकाप' आणि 'बोबडी वळली' यांना बिबट्या प्रत्यक्ष दिसेपर्यंत हात लावू नये, आणि तेव्हाही दोन्हीतलं एकच घ्यावं. बोबडी वळली असं लिहिण्यापेक्षा सुपडूला धाकट्या भावाचं नाव हाक मारून पुरं घेता येत नाही, हे दाखवलं तर जास्त लागतं.

बिबट्या दिसला, निघून गेला, सुपडू घरी आला. आता धसका. त्याची खूण धास्तीच्या नेमकी उलट असते: धास्तावलेला तयारीनं जातो, धसका घेतलेला जातच नाही. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, मजूर सोबत असताना, तो बागेच्या तोंडाशी थांबतो आणि काहीतरी निमित्त काढून परत फिरतो.

हा फरक एकाच प्रसंगात दोन पात्रांवर वाटूनही देता येतो. 2017 साली चाळीसगाव तालुक्यात गिरणेच्या पट्ट्यात नरभक्षक बिबट्यानं माणसं मारली, शेवटी त्याला गोळी घालावी लागली. समजा, तेव्हा तिथे राहिलेला एक सालदार आज सुपडूच्या शेतावर आहे. बिबट्या आल्याची बातमी दोघांनी एकाच वेळी ऐकली. सुपडू बॅटरी शोधायला उठतो. सालदार म्हणतो, "आप्पा, रातना पानी भराले मी येवाऊ नही." एकाला धास्ती लागली, दुसऱ्याचा जुना धसका वर आला. दोघंही विचारलं तर एकच सांगतील: "माले भेव वाटस." अहिराणी बोलणाऱ्या पात्राच्या तोंडी धास्ती, थरकाप असे शब्द घालत बसू नये. तो पहिल्या रात्रीही 'भेव' म्हणेल आणि शेवटच्या रात्रीही. पायऱ्या त्याच्या हातापायांत आणि निवेदनात दाखवायच्या.