'पीपल ऑफ कलर': एका नावात किती माणसं मावतात?

अमेरिकेत कुणाला 'कलर्ड' म्हणालात तर तो अपमान ठरतो. बसमधल्या मागच्या बाकांवर, पाण्याच्या वेगळ्या नळांवर, रेल्वेच्या वेगळ्या डब्यांवर हाच शब्द रंगवलेला असायचा. 'पीपल ऑफ कलर' म्हणालात तर मात्र तुम्ही सभ्य आणि जागरूक ठरता. शब्द तेच, फक्त क्रम उलटा. १९०९ साली स्थापन झालेल्या एनएएसीपी या जुन्या नागरी हक्क संघटनेच्या नावात 'कलर्ड पीपल' आजही आहे, कारण त्या काळी तोच आदराचा शब्द होता. आज 'पीपल ऑफ कलर' हे नाव गोरे नसलेल्या सगळ्यांसाठी वापरतात. त्यात कृष्णवर्णीय, लॅटिनो, आशियाई आणि मूळनिवासी असे सगळे येतात. पुण्याहून न्यू जर्सीला गेलेला संगणक अभियंताही त्यात येतो.

नाव मात्र नवं नाही आणि सुरुवातीला ते सगळ्यांना एकत्र आणण्यासाठी नव्हतं. अठराव्या शतकात कॅरिबियन समुद्रातल्या सॅं-दोमिंग या फ्रेंच वसाहतीत, म्हणजे आजच्या हैतीत, समाजाचे तीन थर होते. वर तीस-चाळीस हजार गोरे, तळाशी उसाच्या मळ्यांत राबणारे लाखो गुलाम आणि मधे 'जां द कुलर', म्हणजे वर्णाचे लोक. हा मधला थर बहुतेक मिश्र वंशाचा आणि स्वतंत्र होता. त्यातल्या अनेकांकडे जमीन होती, कॉफीचे मळे होते आणि स्वतःचे गुलामही होते. म्हणजे हे नाव काळ्या गुलामांपासून आपण वेगळे आहोत हे सांगण्यासाठी होतं.

या थरातला व्हँसाँ ओजे नावाचा श्रीमंत व्यापारी १७९० मध्ये बंड करून उठला. त्याची मागणी होती, आम्हा स्वतंत्र वर्णीयांना गोऱ्यांसारखा मताचा हक्क द्या. गुलामांना मुक्त करा, असं त्याचं म्हणणं नव्हतं. बंड फसलं आणि फेब्रुवारी १७९१ मध्ये गोऱ्या सत्तेने त्याचे हालहाल करून त्याला ठार मारलं. सहा महिन्यांनी गुलामांनी स्वतःचा उठाव केला आणि त्यातून पुढे हैती हा देश जन्मला. ओजेची गोष्ट मला या विषयात फार मोलाची वाटते, कारण एकाच नावाखाली हितसंबंध किती वेगळे असू शकतात, हे तिथे पहिल्याच पिढीत दिसतं.

इंग्रजी कायद्यातही हे शब्द लवकर आले. गुलामांची आयात बंद करणाऱ्या अमेरिकेच्या १८०७ च्या कायद्यात 'पर्सन ऑफ कलर' आहे. पुढे ते बरंचसं मागे पडलं. आजच्या अर्थाने ते परत आलं १९७०च्या दशकात, आणि त्यात बायकांचा वाटा मोठा आहे.

नोव्हेंबर १९७७ मध्ये टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात सरकारी पैशाने राष्ट्रीय महिला परिषद भरली होती. सुमारे दोन हजार प्रतिनिधी जमल्या होत्या. परिषदेच्या मसुद्यात 'अल्पसंख्याक स्त्रिया' या मथळ्याखाली जेमतेम मजकूर होता. कृष्णवर्णीय कार्यकर्त्यांचा एक गट स्वतःचा जाहीरनामा घेऊन आला, की हा मजकूर काढा आणि हा घाला. लोरेटा रॉस या ज्येष्ठ कार्यकर्तीने ही हकिगत पुढे सांगितली आहे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, लॅटिनो, आशियाई आणि मूळनिवासी स्त्रिया म्हणाल्या, आम्हालाही यात घ्या. घेतलं, पण मग मथळ्यात 'कृष्णवर्णीय' कसं चालणार? त्या वाटाघाटींतून 'विमेन ऑफ कलर' हे नाव पुढे आलं. ते त्याआधीही इकडेतिकडे वापरात होतं, पण त्याचा राजकीय अर्थ तिथे पक्का झाला. रॉस यांचा आग्रह असा की ही जन्माने मिळणारी ओळख नाही. जन्माने तुम्ही काळ्या असता, आशियाई असता. हे नाव तुम्ही इतर दडपलेल्या स्त्रियांबरोबर काम करायचं ठरवता तेव्हा घेता. थोडक्यात, तो एक करार होता.

पुढच्या चाळीस वर्षांत करार मागे पडला आणि नाव तक्त्यातला रकाना झालं. विद्यापीठं, कंपन्या, आरोग्य खातं, सगळीकडे 'गोरे' आणि 'पीपल ऑफ कलर' अशी दोन खाती दिसू लागली. टीका मुख्यतः इथून सुरू होते.

एक हिशोब करून पाहू. एक वर्षाच्या आत दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण, म्हणजे बालमृत्यू दर, अमेरिकेत मातेच्या गटानुसार नोंदवला जातो. २०२२ मध्ये दर हजार जन्मांमागे हा दर गोऱ्यांमध्ये साधारण ४.५ होता. उरलेल्या सगळ्यांना एका रकान्यात टाकलं तर काय येतं? त्या वर्षी लॅटिनो मातांना सुमारे ९ लाख ३७ हजार बाळं झाली, कृष्णवर्णीय मातांना ५ लाख ११ हजार, आशियाई मातांना २ लाख १९ हजार, मूळनिवासी मातांना जवळपास २६ हजार आणि हवाई व पॅसिफिक बेटांवरच्या मातांना दहा हजार. प्रत्येक गटाचे मृत्यू मोजून बेरीज केली आणि एकूण जन्मांनी भागलं, तर दर येतो साधारण ६.६. गोऱ्यांच्या जवळजवळ दीडपट. मथळा तयार: 'वर्णीय मातांच्या बाळांना दीडपट धोका'.

हा आकडा खोटा नाही. पण यातल्या एकाही गटाचा दर ६.६ नाही. कृष्णवर्णीयांचा दर १०.९ आहे, म्हणजे दीडपट नव्हे, जवळजवळ अडीचपट. मूळनिवासींचा ९.१ आणि बेटवासीयांचा ८.५. लॅटिनोंचा ४.९, गोऱ्यांच्या अगदी जवळ. आशियाईंचा ३.५, गोऱ्यांपेक्षाही कमी. संख्येने सगळ्यात मोठा लॅटिनो गट सरासरीला खाली ओढतो आणि काळ्या बाळांचं संकट बरंच सौम्य दिसू लागतं. या सरासरीवर विसंबून एखाद्या राज्याने 'वर्णीय मातांसाठी' योजना आखली, तर पैसा जिथे लोकसंख्या आहे तिथे जाईल, जिथे मृत्यू आहेत तिथे जाईलच असं नाही. उलट बाजूनेही फसगत होते. योजना सुरू झाल्यावर आशियाई जन्म वाढले, तर काळ्यांच्या दरात काडीचाही फरक न पडता एकत्रित दर सुधारल्यासारखा दिसेल. ही फसगत ओळखायची खूण सोपी आहे: एकत्रित आकडा दिसला की त्यातल्या सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात वाईट अवस्थेतल्या गटाचे आकडे वेगळे मागायचे. ते दोन एकमेकांपासून दूर असतील, तर मधल्या आकड्याला फारसा अर्थ नाही.

मग संख्याशास्त्रज्ञ गट एकत्र करतातच का? आळसाने नाही, निदान नेहमी नाही. मूळनिवासी मातांची बाळं वर्षाला २६ हजार, त्यातले मृत्यू अडीचशेच्या आत. ते पन्नास राज्यांत वाटले तर एखाद्या राज्यात चार-पाचच मृत्यू उरतात. पुढच्या वर्षी दोन वाढले की दर जवळजवळ दीडपट झालेला दिसेल, तोही निव्वळ योगायोगाने. शिवाय इतक्या लहान आकड्यांतून कुटुंब ओळखता येतं, म्हणून ते छापतच नाहीत. यावर एक बरा उपाय म्हणजे अनेक वर्षांचे आकडे एकत्र घेणं, पण गट वेगळे ठेवणं. त्याला वेळ लागतो आणि बातमी शिळी होते.

रकान्याच्या आत आणखी रकाने आहेत. 'आशियाई' म्हटलं की सुखवस्तू घर डोळ्यांसमोर येतं. प्यू संशोधन केंद्राने मांडलेल्या २०१९ च्या आकड्यांनुसार भारतीय वंशाच्या कुटुंबाचं मध्यम वार्षिक उत्पन्न सुमारे १ लाख १९ हजार डॉलर होतं आणि बर्मी कुटुंबाचं ४४ हजार. एक बहुतेक उच्चशिक्षितांच्या व्हिसावर आलेला, दुसरा मोठ्या प्रमाणात निर्वासितांच्या छावणीतून. दोघांची चामडी बघून यातलं काहीच कळणार नाही.

खरं तर कातडीचा रंग हा या नावाचा आधार कधीच नीट नव्हता. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातून तिथे गेलेल्या भगतसिंग थिंड यांना 'गोरे नाहीत' म्हणून नागरिकत्व नाकारलं. १९७० च्या जनगणनेत मात्र भारतीयांना गोऱ्यांत मोजलं. १९८० मध्ये भारतीयांनीच मागणी करून स्वतंत्र चौकट मिळवली. पन्नास-साठ वर्षांत रंग तोच राहिला, खातं बदलत गेलं.

अनुभव वेगळे असतात म्हणजे नेमके कसे, यावर मानसशास्त्रात एक उपयोगी मांडणी आहे. लिंडा झू आणि सपना चेरियन यांनी २०१७ मध्ये दाखवलं की अमेरिकेत वांशिक तुच्छता दोन वेगळ्या अक्षांवर चालते. एक अक्ष 'कमी दर्जाचा की वरच्या दर्जाचा', दुसरा 'परका की इथला'. काळ्या माणसाला इथलाच पण कमी दर्जाचा समजलं जातं. दुकानात त्याच्यामागे रखवालदार फिरतो. आशियाई माणसाला हुशार पण परका समजलं जातं. त्याला तिसऱ्या पिढीतही 'तुम्ही मूळचे कुठले?' विचारतात. लॅटिनोंच्या वाट्याला दोन्ही येतं. त्रास सगळ्यांनाच होतो, पण एकावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

मग हे नाव पोकळच म्हणायचं का? राज्यशास्त्रज्ञ एफ्रेन पेरेझ यांनी लोकांची मतं आणि प्रयोग यांतून हे तपासलं. त्यांना आढळलं की 'आपण पीपल ऑफ कलर' ही भावना अनेकांच्या मनात खरोखर असते आणि ती असली की माणूस दुसऱ्या गटाच्या मागण्यांनाही पाठिंबा देतो. पण आपल्या गटाचं वेगळं दुःख झाकलं जातंय असं वाटलं की ही एकी सैल पडते. मला यात रॉस यांच्या कराराचाच पुरावा दिसतो: मोर्चात नाव चालतं, तक्त्यात चालत नाही.

२०२० च्या मे महिन्यात जॉर्ज फ्लॉइडची पोलिसांच्या हातून हत्या झाली आणि त्यानंतर 'बायपॉक', म्हणजे 'ब्लॅक, इंडिजिनस अँड पीपल ऑफ कलर', हे लघुरूप एकदम पसरलं. त्यात 'कृष्णवर्णीय' आणि 'मूळनिवासी' ही दोन नावं मुद्दाम पुढे काढली आहेत. ती डागडुजी आहे, आणि मला फारशी जमलेली वाटत नाही, कारण उरलेले पुन्हा एका गाठोड्यात बांधलेच आहेत. ब्रिटनमध्ये 'बेम', म्हणजे 'कृष्णवर्णीय, आशियाई आणि अल्पसंख्याक वंशांचे', असं सरकारी लघुरूप होतं. तिथल्या सरकारने २०२२ मध्ये ते वापरणं थांबवायचं ठरवलं.

आपल्या लोकांशी या गाठोड्याचा संबंध सिअ‍ॅटलमध्ये उघड झाला. तिथल्या नगर परिषदेच्या तेव्हाच्या सदस्य क्षमा सावंत मूळच्या पुण्याच्या. त्यांनी जातीवरून भेदभाव करण्यावर बंदी घालणारा स्थानिक कायदा मांडला आणि २१ फेब्रुवारी २०२३ रोजी तो सहा विरुद्ध एक मतांनी संमत झाला. भेदभावविरोधी कायद्यात वंश, वर्ण, मूळ देश हे सगळं आधीच होतं. पण सवर्ण वरिष्ठ आणि दलित कर्मचारी दोघेही भारतीय, दोघेही 'पीपल ऑफ कलर'. दोघांत भेदभाव झाला तर तक्रार कोणत्या शब्दाखाली करायची, हे त्या कायद्यात स्पष्ट नव्हतं. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने त्याच वर्षी असं विधेयक संमत केलं. गव्हर्नरांनी ऑक्टोबरमध्ये ते परत पाठवलं. जातीवरचा भेदभाव आहे त्या कायद्यांतच बसतो, असं कारण त्यांनी दिलं.