डेटाबेस इंडेक्स

डेटाबेस इंडेक्स : टेबलाच्या एका किंवा अधिक रकान्यांतील मूल्ये क्रमाने लावून, प्रत्येक मूल्यापुढे त्याची ओळ कुठे ठेवली आहे तो पत्ता लिहिलेली स्वतंत्र रचना. मूळ टेबल तसेच राहते, इंडेक्स त्याच्या शेजारी उभा असतो आणि डिस्कवर स्वतःची जागा घेतो. गावच्या दप्तरात सातबारा गट क्रमांकाने लागतो आणि आठ-अ खातेदाराने. त्यामुळे एका माणसाची सगळी जमीन शोधायला गावातले सगळे सातबारे उलटावे लागत नाहीत. पण जमीन विकली गेली की नोंद दोन्ही ठिकाणी बदलावी लागते. इंडेक्सचा फायदा आणि त्याची किंमत अशी एकाच कारणातून येतात.

बहुतेक डेटाबेसांत नेहमीचा इंडेक्स ‘बी-ट्री’ या प्रकारचा असतो. रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्रेट यांनी बोइंग कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेत काम करताना 1970 मध्ये ही रचना मांडली. पुढील उदाहरण पोस्टग्रेस या डेटाबेसचे आहे. इतरत्र तपशील बदलतात, तत्त्व तेच राहते.

पोस्टग्रेस डिस्कवरचा मजकूर 8 केबीच्या पानांत ठेवतो. समजा, `pavatya` या टेबलात 1 कोटी ओळी आहेत आणि एका पानात साधारण 80 ओळी मावतात. म्हणजे टेबल 1,25,000 पानांचे, सुमारे 1 जीबीचे झाले. ओळी कोणत्याही क्रमाने पडलेल्या आहेत. इंडेक्स नसताना एक पावती शोधायची, तर हवी ती ओळ पहिल्या पानावर आहे की शेवटच्या हे कळायला मार्ग नाही. म्हणून सगळी पाने वाचावी लागतात.

आता `pavati_kr` या 8 बाइटच्या रकान्यावर इंडेक्स बांधू. त्यातली एक नोंद जेमतेम 20 बाइटची असते. पान 90 टक्केच भरायचे असा पोस्टग्रेसचा रिवाज आहे, तरीही एका पानात 366 नोंदी बसतात. 1 कोटी नोंदींना सुमारे 27,300 पाने लागतात. ही झाडाची सर्वांत खालची पाने. (मराठीत कागदाचे आणि झाडाचे पान एकाच शब्दाने ओळखले जाते, ते इथे अगदी नेमके बसते.) त्यांच्या वर शंभरच्या आसपास वाटाडी पाने असतात. कोणती मूल्ये खाली कोणत्या पानात आहेत, एवढेच ती सांगतात. त्यांच्याही वर एकच मूळ पान. शोध मुळापासून निघतो आणि इंडेक्सची तीन व टेबलाचे एक अशी चार पाने वाचून संपतो. 1,25,000 च्या जागी चार. ओळी शंभर पटीने वाढून 100 कोटी झाल्या तरी झाडाला एकच मजला चढतो आणि वाचायची पाने पाच होतात. हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते :

```sql
EXPLAIN (ANALYZE, BUFFERS)
SELECT * FROM pavatya WHERE pavati_kr = 7654321;
```

उत्तरात `Seq Scan` किंवा `Parallel Seq Scan` दिसले तर टेबल सबंध वाचले गेले. `Index Scan` दिसले तर झाडावरून वाट काढली गेली. `Buffers` या ओळीत किती पाने हाताळली तो आकडा येतो. वेळेपेक्षा या आकड्यावर विश्वास ठेवावा, कारण पाने आधीच मेमरीत असली तर वेळ फसवा येतो.

इंडेक्स असूनही डेटाबेस तो बाजूला ठेवतो, असेही घडते आणि बहुधा ते योग्यच असते. दहातल्या नऊ पावत्या ‘जमा’ असतील आणि सगळ्या जमा पावत्या मागितल्या, तर इंडेक्समधून एकेक पत्ता काढून टेबलाकडे धावण्यापेक्षा टेबल सरळ वाचणे स्वस्त पडते. शोध मोजक्याच ओळींचा असेल तेव्हा इंडेक्स खरा कामाला येतो.

लिहिताना मात्र चित्र उलटते. टेबलात नवी ओळ जिथे जागा असेल तिथे टाकता येते. इंडेक्समध्ये तशी मुभा नाही, कारण क्रम मोडला तर शोधच मोडेल. टेबलावर पाच इंडेक्स असतील तर एका नव्या ओळीसाठी पाच झाडांत खाली उतरून नेमक्या पानात पाच नोंदी घालाव्या लागतात. पान भरलेले असेल तर ते दुभंगते : काही नोंदी नव्या पानात जातात आणि वरच्या वाटाड्या पानातही भर पडते.

पाचही इंडेक्स सारखे महाग नसतात. पावती क्रमांक चढता असल्याने नवी नोंद नेहमी उजव्या टोकाच्या पानात पडते, आणि ते पान सतत वापरात असल्यामुळे मेमरीतच असते. `grahak_kr` चे तसे नाही. पुढचा ग्राहक कोणता येईल हे ठरलेले नसते, म्हणून दर वेळी वेगळेच पान लागते आणि ते मेमरीत नसेल तर लिहिण्यासाठी आधी डिस्कवरून वाचावे लागते. शिवाय मेमरीत बदललेली पाने पोस्टग्रेस ठरावीक टप्प्यांवर डिस्कवर उतरवतो, त्या टप्प्याला चेकपॉइंट म्हणतात. प्रत्येक चेकपॉइंटनंतर एखादे पान पहिल्यांदा बदलले की पोस्टग्रेस सुरक्षिततेसाठी ते सबंध पान बदलांच्या नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, उतरवतो. 20 बाइटच्या नोंदीपायी 8 केबीचा मजकूर! विखुरलेल्या मूल्यांचा इंडेक्स हा भार सतत वाढवत राहतो.

जुनी ओळ बदलताना पोस्टग्रेसची वेगळी अडचण येते, आणि ती अनेक अनुभवी माणसांच्याही नजरेतून सुटते. इथे ओळ जागच्या जागी बदलत नाही, तिची नवी आवृत्ती लिहिली जाते. तिचा पत्ता वेगळा असल्याने सर्वच इंडेक्समध्ये नवी नोंद करावी लागते, ज्यांचे रकाने बदललेच नाहीत त्यांच्यातही. 2008 मध्ये 8.3 या आवृत्तीत यावर ‘हॉट’ नावाचा तोडगा आला. इंडेक्स असलेला एकही रकाना बदललेला नसेल आणि त्याच पानात जागा असेल, तर इंडेक्सना हात न लावता काम भागते.

समजा, पावती ‘प्रलंबित’ची ‘जमा’ होताना `sthiti` आणि `badal_vel` हे दोन रकाने बदलतात. दोहोंवर इंडेक्स नसेल आणि पानात जागा असेल, तर एकच पान बदलते. एखाद्या अहवालासाठी कोणी `badal_vel` वर इंडेक्स घातला, की ती सवलत तत्क्षणी जाते. टेबलावर एकूण पाच इंडेक्स असतील तर प्रत्येक बदलाला पाच नव्या नोंदी होतात, आणि मागे उरलेल्या मृत नोंदी प्रत्येक इंडेक्समधून साफ करण्याचे कामही वाढते. अहवाल वेगवान झाला म्हणून सगळे खूश असतात. पैसे जमा करणारी यंत्रणा का रेंगाळते, हे मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. ते इथे दिसते :

```sql
SELECT n_tup_upd, n_tup_hot_upd
FROM pg_stat_user_tables WHERE relname = 'pavatya';
```

पहिला आकडा वाढत असून दुसरा जवळजवळ थांबला असेल, तर अलीकडे कोणता इंडेक्स घातला ते आधी पाहावे. फक्त प्रलंबित पावत्याच शोधायच्या असतील तर `WHERE sthiti = 'pralambit'` अशी अट घालून छोटा इंडेक्स बांधता येतो. जमा पावत्यांच्या नोंदी त्यात होतच नाहीत. मात्र अटीतला रकानाही ‘हॉट’च्या हिशेबात धरला जातो, त्यामुळे स्थिती बदलतानाची सवलत त्याने परत मिळत नाही.

`pg_stat_user_indexes` मधील `idx_scan` हा आकडा महिनोन्महिने शून्य असेल तर तो इंडेक्स केवळ लिहिण्याचा भार वाढवत असण्याची शक्यता दाट असते. काढून टाकण्यापूर्वी दोन गोष्टी पडताळाव्यात. मूल्य दुबार येऊ न देण्यासाठी ठेवलेला इंडेक्स, त्यातून शोध झाला नाही तरी, आपले काम करत असतो. आणि वाचन मुख्य सर्व्हरची प्रत ठेवणाऱ्या रेप्लिका सर्व्हरवर होत असेल तर त्याची मोजणी त्या सर्व्हरवरच होते, मुख्य सर्व्हरवर शून्यच दिसते.

रिकाम्या टेबलात एकदम लाखो ओळी भरायच्या असतील तेव्हा आधी ओळी भराव्यात आणि नंतर इंडेक्स बांधावा. तसे केले की पोस्टग्रेस सगळी मूल्ये एकदाच क्रमाने लावतो आणि झाड खालून वर, पानामागून पान, भरत नेतो. एकेका नोंदीसाठी मुळापासून उतरणे आणि पाने दुभंगणे यातले काहीच मग होत नाही.