महागाई उतरवण्याची किंमत: 10 की 3?

1978 मध्ये अमेरिकी अर्थतज्ज्ञ आर्थर ओकुन यांनी तेव्हाचे अंदाज गोळा केले. महागाई एका टक्क्याने उतरवायची तर वर्षभराच्या राष्ट्रीय उत्पादनातला सरासरी 10 टक्के हिस्सा गमवावा लागेल, असा त्यांचा अर्थ निघत होता. या आकड्याला अर्थशास्त्रात त्याग-गुणोत्तर म्हणतात.

हे अंदाज अनुकूली अपेक्षांवर उभे होते. लोक गेल्या वर्षांची महागाई पाहून पुढचीही तेवढीच धरतात आणि पगार, भाव त्याच हिशेबाने ठरवतात, असं ते गृहीतक. मग महागाई उतरल्याशिवाय अपेक्षा उतरत नाही, आणि महागाई उतरवायला बेरोजगारी वर्षानुवर्षं चढी ठेवावी लागते.

याला आव्हान दिलं रॉबर्ट लुकास आणि थॉमस सार्जंट यांनी. जॉन म्यूथ यांनी 1961 मध्ये मांडलेली विवेकी अपेक्षांची कल्पना त्यांनी इथे लावली: लोक मागचंच नव्हे, तर धोरण पुढे काय करणार तेही पाहतात. मध्यवर्ती बँकेच्या शब्दावर खरोखर विश्वास बसला, तर अपेक्षा आधीच खाली येतील आणि किंमत जवळजवळ शून्य राहील.

परीक्षा पाहिली पॉल व्होल्कर यांच्या फेडरल रिझर्व्हने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने. 1981 मध्ये अमेरिकेत सरासरी महागाई 10.3 टक्के होती, 1985 मध्ये 3.6, म्हणजे घट 6.7. बेरोजगारीचा नैसर्गिक दर, म्हणजे महागाई स्थिर असतानाही राहणारी बेरोजगारी, 6 टक्के धरला, तर 1982 ते 1985 या चार वर्षांत ती अनुक्रमे 3.7, 3.6, 1.5 आणि 1.2 टक्क्यांनी जास्त होती. बेरीज 10. बेरोजगारीचा प्रत्येक जादा टक्का उत्पादन 2 टक्क्यांनी घटवतो, या ढोबळ नियमाने नुकसान 20 टक्के. भागाकार सुमारे 3. (नैसर्गिक दर 5.5 धरला तर बेरीज 12 होते आणि गुणोत्तर साडेतीनच्या वर जातं. म्हणून या आकड्याला दशांशाची अचूकता देऊ नये.)

10 पेक्षा कितीतरी कमी, पण शून्य मुळीच नाही. दोन कारणं पटतात. 1970 च्या दशकात व्याजदर चढवून मंदी दिसताच माघार घेतली गेली होती, त्यामुळे नव्या घोषणेवर विश्वास बसायला वेळ लागला. दुसरं, विश्वास बसला तरी तीन वर्षांचे वेतनकरार जुन्याच महागाईवर बांधलेले होते. ते सगळे एकाच दिवशी संपत नाहीत. हा दुसरा मुद्दा विवेकी अपेक्षांच्या पहिल्या मांडणीत सुटला होता. तो स्टॅनली फिशर आणि जॉन टेलर यांनी भरून काढला.

अपेक्षा नांगरलेल्या असणं ही याहून वेगळी स्थिती. तिथे लोकांची दीर्घ मुदतीची अपेक्षा लक्ष्याजवळ ठाम असते, इंधन भडकलं तरी हलत नाही. जून 2022 मध्ये अमेरिकेत महागाई 9.1 टक्क्यांवर गेली, तरी मिशिगन विद्यापीठाच्या पाहणीत पाच ते दहा वर्षांपुढची अपेक्षा 3 टक्क्यांच्या आसपासच राहिली. वर्षभरात महागाई 3 टक्क्यांवर आली आणि बेरोजगारी 4 टक्क्यांखालीच राहिली. पुरवठ्याच्या अडचणी सुटल्याचाही यात मोठा वाटा आहे. सगळं श्रेय नांगराला देता येत नाही. नांगर सुटतोय का, हे पुढच्या वर्षाच्या अपेक्षेवरून कळत नाही, कारण ती पेट्रोलच्या भावाबरोबर हलते. दीर्घ मुदतीचा आकडा ताज्या महागाईमागे सरकू लागला, की हिशेब पुन्हा 1981 सारखा मांडावा लागतो.