गोडी, गोडवा आणि गोडपणा : काही प्रत्यय मोकाट का, काही बांधलेले का?

तासगावकडे द्राक्षाची काढणी जवळ आली की बागायतदार मणी तोंडात टाकतो आणि विचारतो, "गोडी आली का?" तोच माणूस एखाद्याच्या आवाजाबद्दल 'गोडवा' म्हणेल आणि काम काढून घेण्यापुरतं गोड बोलणाऱ्याचा 'गोडपणा' ओळखेल. 'गोडता' मात्र त्याच्या तोंडून यायची नाही. 'मधुरता' चालते, 'गोडता' चालत नाही. हे कोणी शाळेत शिकवलेलं नसतं, तरी सांगली-साताऱ्यातल्या कोणत्याही मराठी माणसाच्या कानाला ते खटकतं. यामागे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्यय किती मोकळेपणाने लागतो ही एक, आणि आधीपासून असलेला शब्द नव्याची वाट अडवतो ही दुसरी. या दुसऱ्या गोष्टीला अवरोध म्हणू.

या प्रश्नाचा इतिहास पाणिनीपाशी सुरू होतो आणि त्यातला एक धागा साताऱ्यातून जातो. संस्कृत व्याकरणकार नागेशभट्टांच्या शिष्यपरंपरेतले भास्करशास्त्री अभ्यंकर (१७८५–१८७०) साताऱ्याला राहत. त्यांच्याकडे व्याकरण शिकलेले विद्यार्थी पार काशीपर्यंत पोचले. त्यांचे नातू वासुदेवशास्त्री अभ्यंकर यांनी पुढे पाणिनीच्या व्याकरणावरचं पतंजलीचं महाभाष्य मराठीत आणलं. या परंपरेत ज्याचा कीस काढला जाई, तो विषय म्हणजे उत्सर्ग आणि अपवाद : सर्वसाधारण नियम एक सांगतो आणि विशेष नियम दुसरंच सांगतो, तेव्हा कोणाचं चालायचं?

महाभाष्यातलं उदाहरण कोणालाही कळेल असं आहे. ब्राह्मणांना दही वाढा, कौंडिण्याला ताक. कौंडिण्यही ब्राह्मणच, म्हणून त्याला दहीही वाढायचं आणि ताकही, असं कोणी करत नाही. ताकाने दह्याला बाजूला सारलं. विशेष नियम आला की सामान्य नियम त्या जागेपुरता मागे सरतो. अवरोधाची कल्पना इतक्या थोडक्यात इतकी चोख मांडलेली मला दुसरीकडे आढळलेली नाही.

आता भाववाचक नामं घ्या. पाणिनीने 'तस्य भावस्त्वतलौ' या सूत्राने त्व आणि ता हे दोन प्रत्यय सरसकट दिले. पुढे ठरावीक शब्दांच्या गणांसाठी विशेष प्रत्यय सांगितले. त्यांतून 'लघु'चं लघिमा आणि लाघव होतं, 'मधुर'चं माधुर्य. दही-ताकाचा न्याय इथे जसाच्या तसा लावला, तर लघिमा आल्यावर लघुता आणि लघुत्व नाहीसे व्हायला हवेत. पण ते तर वापरात होते. म्हणून पाणिनीने लगेच पुढचं सूत्र घातलं, 'आ च त्वात्'. या प्रकरणात विशेष प्रत्यय आले, तरी त्व आणि ता यांचा हक्क शेवटपर्यंत शाबूत. म्हणजे अवरोध हा नेहमीचा नियम, पण सर्वांत मोकळ्या प्रत्ययांपुरता तो उठवावा लागतो, हे अडीच हजार वर्षांपूर्वी कोणीतरी भाषेकडे बघून नोंदवून ठेवलं होतं.

आधुनिक भाषाशास्त्रात हीच गोष्ट वेगळ्या वाटेने आली. १९७६ मध्ये मार्क ॲरोनॉफ यांनी इंग्रजीतली एक विसंगती पुढे ठेवली. 'क्युरियस'पासून 'क्युरिऑसिटी' होते, मग 'ग्लोरियस'पासून 'ग्लोरिऑसिटी' का नाही? कारण 'ग्लोरी' हा शब्द त्या अर्थाची जागा धरून बसला आहे. मात्र 'ग्लोरियसनेस' चालतं. त्यांचं स्पष्टीकरण असं : 'इटी'चे शब्द एकेक करून लक्षात ठेवावे लागतात, म्हणून त्यांना जागा लागते आणि जागा भरलेली असली की ते अडतात. 'नेस' इतका मोकळा आहे की त्याचे शब्द गरज पडेल तेव्हा घडवले जातात. साठवायचेच नसल्यामुळे ते अडतही नाहीत. विशेष नियम सामान्य नियमाला मागे सारतो, या तत्त्वाचं नातं पॉल किपार्स्की यांनी १९७३ मध्येच पाणिनीशी जोडून दाखवलं होतं.

मराठीत 'नेस'ची जागा 'पणा'ची. कडकपणा, साधेपणा, बावळटपणा, आणि परवा कानावर आलेला 'स्मार्टपणा'. मूळ शब्द संस्कृत, देशी की इंग्रजी, हे 'पणा' विचारत नाही. 'ता' आणि 'त्व' विचारतात. त्यांना तत्सम शब्द लागतो : 'उष्णता' होते, 'गरमता' नाही. गंमत अशी की 'पण' आणि 'त्व' एकाच घरचे. वैदिक 'त्वन' प्राकृतात 'त्तण' झाला, अपभ्रंशात 'प्पण' आणि मराठीत 'पण'. त्याने लोकांच्या तोंडी मुक्काम केला म्हणून तो कोणत्याही शब्दाला सरावला. 'त्व' आपण संस्कृतातून पुन्हा उचलला, तेव्हा तो स्वतःची सोयरीक घेऊनच आला.

पण बांधलेला प्रत्यय म्हणजे मेलेला प्रत्यय नव्हे. वाईला मराठी विश्वकोशाचं काम चाललं, तेव्हा शास्त्रीय संज्ञांची गरज मोठी होती. अशा संज्ञा आर्द्रता, घनता, संवाहकता याच वळणाच्या असतात. तत्सम शब्दांच्या कुंपणाआत 'ता' आजही नवे शब्द घडवतो. खरा गोठलेला प्रत्यय 'वा'. गोडवा, गारवा, ओलावा, थंडावा, दुरावा, अशी नावं घेता घेता यादी संपते. 'आंबटवा' कोणी म्हणत नाही.

'ई'ची अडचण आणखी वेगळी. उंची, लांबी, रुंदी, जाडी हे सगळे व्यंजनान्त विशेषणांवरून झाले. 'मोठा'ला हा प्रत्यय लावला तर 'मोठी' होईल आणि ते स्त्रीलिंगी विशेषणाशी जाऊन धडकेल. 'मोठेपणा'च होतो, त्यामागे हे कारण असावं. आणि 'उंची' असताना 'उंचपणा' पुरता अडत नाही, त्याला उरलेला अर्थ मिळतो. तीन फुटांच्या कुंपणाच्या भिंतीला उंची असते, उंचपणा नसतो. मोजमाप एकाने घेतलं, उंच असण्याचा गुण दुसऱ्याकडे गेला. द्राक्षाची गोडी आणि बोलण्यातला गोडपणा यांची वाटणीही तशीच.

प्रत्ययाचा मोकळेपणा मोजण्याची रीत हॅराल्ड बायेन यांनी १९९० च्या आसपास रूढ केली. मोठा मजकूर घ्यायचा, त्यात त्या प्रत्ययाचे शब्द एकूण किती वेळा आले ते मोजायचं, आणि त्यांतले नेमके एकदाच आलेले शब्द किती, ते पाहायचं. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागायचं. एकदाच आलेले शब्द बहुधा लिहिता लिहिता घडलेले असतात, म्हणून हा भागाकार मोठा असला की प्रत्यय जिवंत. 'वा'चे शब्द पुष्कळदा येतात, पण तेच ते येतात. त्याचा भागाकार शून्याकडे जाणार. मर्यादा एवढीच की मजकूर वाढत गेला की हा आकडा उतरतो, तेव्हा असमान आकाराच्या मजकुरांतले आकडे एकमेकांशेजारी ठेवता येत नाहीत.

अवरोध सुटतो कुठे, हे मुद्रितशोधकांना पाठ असतं : 'सौंदर्यता', 'सौजन्यता', 'औदार्यता'. सौंदर्य हे आधीच भाववाचक आहे, त्यावर पुन्हा 'ता' चढतो. 'सुंदर'चं 'सौंदर्य' होताना आतला स्वर बदलतो आणि प्रत्यय शब्दात विरघळून जातो. तो ऐकू येत नाही, म्हणून बोलणारा त्यावर ओळखीचा प्रत्यय ठेवून देतो. 'गोडवा'वर किंवा 'मोठेपणा'वर असं दुसरं ओझं कोणी घालत नाही, कारण तिथे प्रत्यय सरळ दिसतो.